पासवर्ड बरोबर, तरीही मेल बंद : टोकन-आधारित प्रवेशाकडे जाताना काय करावे

नवी दिल्ली : संगणकावरील मेल क्लायंट वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असतो आणि एके दिवशी तो अचानक पासवर्ड मागू लागतो. वापरकर्ता पासवर्ड टाकतो, क्लायंट तो नाकारतो. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये टाकला तर मेलबॉक्स लगेच उघडते. अशा वेळी बहुतेकांना आपले खाते कोणीतरी बळकावले असावे किंवा आपण पासवर्ड विसरलो असावे, असे वाटते. प्रत्यक्षात अनेकदा या दोन्ही गोष्टी घडलेल्या नसतात. सेवापुरवठादाराने केवळ पासवर्डच्या आधारे मेल क्लायंटला प्रवेश देण्याची जुनी पद्धत बंद केलेली असते आणि क्लायंट मात्र अजून त्याच पद्धतीने दार ठोठावत असतो.

या जुन्या पद्धतीला ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ किंवा मूलभूत प्रमाणीकरण म्हणतात. तिची जागा घेणाऱ्या टोकन-आधारित पद्धतीला मायक्रोसॉफ्ट ‘मॉडर्न ऑथेंटिकेशन’ म्हणते, तर मेल क्लायंटच्या पडद्यावर ती बहुधा `OAuth2` या नावाने दिसते. खाते नव्या पद्धतीवर नेण्यासाठी लागणारा वेळ थोडा असला, तरी घाईत केलेल्या एखाद्या चुकीमुळे साठवलेले जुने मेल गमावण्याचा धोका असतो. म्हणून नेमके काय बदलले हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

कोणत्या सेवेने काय बंद केले

मायक्रोसॉफ्टने आपल्या व्यावसायिक मेल सेवेतील, म्हणजे एक्सचेंज ऑनलाइनमधील, मूलभूत प्रमाणीकरण बंद करण्याचा मनोदय २०१९ मध्ये जाहीर केला. मूळ मुदत ऑक्टोबर २०२० ची होती. कोविड साथीमुळे ती पुढे ढकलण्यात आली आणि अखेर १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने ही पद्धत बंद करण्यास सुरुवात झाली. तयारी अपुरी असलेल्या संस्थांना ती डिसेंबर २०२२ अखेरपर्यंत तात्पुरती पुन्हा सुरू करून घेण्याची मुभा होती. त्यानंतर मात्र ती कायमची बंद झाली. केवळ मेल पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएमटीपी प्रमाणीकरणाला त्या वेळी वगळण्यात आले होते. त्याची स्वतंत्र मुदत पुढे एकाहून अधिक वेळा बदलली.

आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल आणि लाइव्ह या वैयक्तिक खात्यांसाठी हा बदल १६ सप्टेंबर २०२४ रोजी लागू झाला. गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ‘कमी सुरक्षित अ‍ॅप’ ही सवलत ३० मे २०२२ पासून बंद केली, तर गुगल वर्कस्पेसच्या संस्थात्मक खात्यांसाठी ती २०२५ मध्ये संपली. प्रत्येक सेवेची तारीख वेगळी असल्याने एकाच कार्यालयातील दोन संगणकांपैकी एकाचे मेल बंद पडते आणि दुसऱ्याचे सुरळीत चालते, असे चित्र अनेकदा दिसते.

जुन्या पद्धतीतील दोष

मूलभूत प्रमाणीकरणात मेल क्लायंट वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि सर्व्हरशी प्रत्येक नवी जोडणी करताना ते दोन्ही पाठवतो. पाठवण्यापूर्वी ते अनेकदा ‘बेस-६४’ या लिपीत बदलले जातात. त्यामुळे ते गुप्त झाल्यासारखे भासतात, पण तसे नसते. वेब जोडणीवर `naav` हे नाव आणि `gupt` हा पासवर्ड पुढील रूपात जाईल :

```
bmFhdjpndXB0
```

ही अक्षरे कोणत्याही संगणकावर, कोणत्याही किल्लीविना, मूळ `naav:gupt` या रूपात आणता येतात. म्हणजे गुप्ततेचा सगळा भार भोवतालच्या टीएलएस कूटबद्धीकरणावर पडतो. आजच्या मेल सर्व्हरवर टीएलएस सर्रास असल्याने वाटेत पासवर्ड वाचला जाण्याचा धोका पूर्वीइतका राहिलेला नाही. खरा दोष दुसरीकडे आहे.

जुन्या आयमॅप, पॉप आणि एसएमटीपी पद्धतींमध्ये सर्व्हर केवळ एकच प्रश्न विचारू शकतो : नाव आणि पासवर्ड जुळतात का? मोबाइलवर आलेला संकेतांक विचारण्याची, अनोळखी ठिकाणाहून होणारा प्रवेश थांबवून खातरजमा करण्याची सोय त्या संवादातच नाही. परिणामी वापरकर्त्याने दुहेरी पडताळणी सुरू केली, तरी या मागच्या दाराने निव्वळ पासवर्डवर आत शिरता येत असे. हल्लेखोरांनी नेमका याचा फायदा घेतला. हजारो खात्यांवर काही मोजके प्रचलित पासवर्ड वापरून पाहण्याच्या प्रकाराला ‘पासवर्ड स्प्रे’ म्हणतात. अशा हल्ल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक हल्ले जुन्या प्रमाणीकरण पद्धतींमार्फत होत असल्याचे मायक्रोसॉफ्टने आपल्या निरीक्षणाच्या आधारे म्हटले होते.

दुसरा दोष अधिकाराच्या व्याप्तीचा आहे. क्लायंटला मेल वाचायला मिळावे म्हणून दिलेला पासवर्ड हा संपूर्ण खात्याचा पासवर्ड असतो. त्याच पासवर्डने कागदपत्रे, छायाचित्रे आणि खात्याच्या सुरक्षाविषयक नोंदीही उघडतात. एखाद्या जुन्या संगणकावरून तो चोरीस गेला तर नुकसान मेलपुरते मर्यादित राहत नाही.

टोकन म्हणजे काय

टोकन-आधारित प्रवेशाचा पाया ‘ओऑथ २.०’ हे मानक आहे. ते ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत मेल क्लायंट पासवर्ड स्वतः विचारत नाही. तो सेवापुरवठादाराचे प्रवेशपृष्ठ उघडून देतो. वापरकर्ता त्या पृष्ठावर पासवर्ड टाकतो, दुहेरी पडताळणी असेल तर तीही तेथेच पूर्ण करतो. त्यानंतर ‘या क्लायंटला तुमचे मेल वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी द्यायची का’ अशी विचारणा होते. होकार मिळाल्यावर सेवापुरवठादार क्लायंटच्या हाती दोन टोकने देतो.

पहिले ‘अ‍ॅक्सेस टोकन’. मेल सर्व्हरला पासवर्डऐवजी हेच दाखवले जाते. त्याचे आयुष्य अल्प, साधारण एक तासाचे असते. दुसरे ‘रिफ्रेश टोकन’. पहिल्याची मुदत संपली की क्लायंट हे दुसरे टोकन दाखवून नवे अ‍ॅक्सेस टोकन मिळवतो. हे काम पडद्यामागे होते, वापरकर्त्याला पुन्हा काही टाकावे लागत नाही. रिफ्रेश टोकन बराच काळ टिकते. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत त्याची नेहमीची मुदत ९० दिवस असून वापर चालू असेल तर ते नव्याने मिळत राहते. गुगलच्या सेवेत ते सहा महिने वापरले गेले नाही तर बाद होते.

म्हणूनच रोज उघडला जाणारा क्लायंट पुन्हा कधी प्रवेश मागताना दिसत नाही, तर गावी ठेवलेला किंवा कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप काही महिन्यांनी सुरू केल्यावर प्रवेशपृष्ठ उघडतो. तो बिघाड नसून ठरलेला व्यवहार आहे.

खात्याचे स्थलांतर : थंडरबर्डमधील एक उदाहरण

थंडरबर्ड हा मोफत मेल क्लायंट वापरणाऱ्या एका आउटलुक डॉट कॉम खात्याचे उदाहरण घेता येईल. खाते अनेक वर्षांपूर्वी जोडलेले आहे, मेल आयमॅपने येतात आणि एसएमटीपीने जातात. १६ सप्टेंबर २०२४ नंतर क्लायंट ‘प्रवेश अयशस्वी’ असा संदेश देतो आणि `Retry` व `Enter New Password` ही बटणे दाखवतो.

येथे पहिली दक्षता म्हणजे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत न राहणे. नवा पासवर्ड टाकून काही साध्य होत नाही, कारण सर्व्हर त्या मार्गाने येणारा कोणताही पासवर्ड स्वीकारणार नाही. उलट वारंवार फसलेल्या प्रयत्नांमुळे खाते तात्पुरते कुलूपबंद होऊ शकते आणि मूळ प्रश्नावर दुसऱ्या प्रश्नाची भर पडते. सर्वप्रथम ब्राउझरमधून खाते उघडते का ते पाहावे. तेथे प्रवेश मिळत असेल तर खाते आणि पासवर्ड दोन्ही शाबूत आहेत, अडचण केवळ क्लायंटच्या प्रवेशपद्धतीची आहे, असे मानण्यास हरकत नाही.

दुसरी दक्षता त्याहून महत्त्वाची आहे. खाते काढून पुन्हा जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आयमॅप खात्याच्या बाबतीत त्यात सहसा मोठा धोका नसतो, कारण मेल सर्व्हरवर राहतात आणि पुन्हा उतरवून घेता येतात. मात्र खाते पॉप पद्धतीने जोडलेले असेल तर उतरवलेले मेल सर्व्हरवरून पुसले गेलेले असू शकतात आणि त्यांची एकमेव प्रत त्या संगणकावरच असते. अशा खात्याची नोंद माहितीसह काढून टाकली तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार क्षणात जातो. ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवलेल्या मेललाही हेच लागू पडते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी `Help` मधील `Troubleshooting Information` उघडून `Profile Folder` कोठे आहे ते पाहावे, थंडरबर्ड बंद करावा आणि त्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

यानंतर थंडरबर्ड अद्ययावत करून घ्यावा. खाते काढण्याची गरज नाही, पुढील बदल जागच्या जागी होतात. `Account Settings` मध्ये संबंधित खात्याखालील `Server Settings` उघडावे. मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे नाव `outlook.office365.com`, पोर्ट `993` आणि जोडणीची सुरक्षा `SSL/TLS` अशी असावी. त्याखाली `Authentication method` या ओळीत `Normal password` असे दिसेल. त्याऐवजी `OAuth2` निवडावे.

या यादीत `OAuth2` हा पर्यायच दिसत नसेल तर बहुधा क्लायंटची आवृत्ती जुनी असते किंवा सर्व्हरच्या नावात फरक असतो. थंडरबर्ड हा पर्याय त्याला माहीत असलेल्या सेवांच्या सर्व्हरनावांसाठीच दाखवतो. नावात एखादे अक्षर चुकले किंवा जुने, आता वापरात नसलेले नाव राहिले, तर तो सर्व्हर अनोळखी समजला जातो.

मेल स्वीकारण्याची बाजू दुरुस्त झाली तरी काम निम्मेच होते. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची नोंद थंडरबर्डमध्ये वेगळी ठेवलेली असते. डाव्या बाजूच्या यादीत सर्वांत खाली `Outgoing Server (SMTP)` असते. तेथे आउटलुक डॉट कॉमसाठी `smtp-mail.outlook.com` हे नाव, `587` हे पोर्ट आणि `STARTTLS` ही सुरक्षा असावी. याही नोंदीत प्रवेशपद्धत `OAuth2` करावी लागते. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार स्थलांतरानंतर येते, तेव्हा कारण बहुतांशी हेच असते.

आता जुने पासवर्ड काढून टाकावेत. `Settings` मधील `Privacy & Security` या विभागात `Saved Passwords` उघडल्यावर `imap://outlook.office365.com` आणि `smtp://` ने सुरू होणाऱ्या नोंदी दिसतात. या खात्यापुरत्या त्या पुसाव्यात. त्याच विभागात कुकीज स्वीकारण्याची परवानगी चालू आहे ना, तेही पाहावे. प्रवेशपृष्ठ हे वेबपृष्ठच असल्याने कुकीज बंद असतील तर ते कोरे राहते किंवा पासवर्ड टाकल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

थंडरबर्ड बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आणि मेल आणण्याची आज्ञा दिल्यावर मायक्रोसॉफ्टचे प्रवेशपृष्ठ उघडते. त्यावर दिसणारा ईमेल पत्ता आपलाच आहे का, हे आधी तपासावे. घरात किंवा कार्यालयात एकाच संगणकावर दोन-तीन खाती असतील तर नजरचुकीने दुसऱ्याच खात्याची परवानगी दिली जाते. तसे झाले तर टोकन मिळते, पण ते भलत्याच मेलबॉक्सचे असते आणि सर्व्हर ते नाकारतो. पासवर्ड, पडताळणी आणि परवानगी या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या की मेल येऊ लागतात.

काम खरोखर पूर्ण झाले का, हे दोन प्रकारे पडताळता येते. पहिला प्रकार म्हणजे स्वतःलाच एक मेल पाठवून तो परत येतो का, हे पाहणे. त्यात येण्या-जाण्याच्या दोन्ही बाजू तपासल्या जातात. दुसरा प्रकार म्हणजे पुन्हा `Saved Passwords` उघडणे. तेथे आता `oauth://` ने सुरू होणारी नोंद दिसली पाहिजे. त्या नोंदीत पासवर्डच्या जागी दिसणारी लांबलचक अक्षरमाला म्हणजेच रिफ्रेश टोकन होय.

अ‍ॅपलच्या संगणकांवर आणि फोनवर मार्ग थोडा वेगळा आहे. तेथे खाते जोडताना ‘इतर’ हा प्रकार निवडून सर्व्हरची नावे हाताने भरली असतील तर क्लायंट पासवर्डच वापरत राहतो. ते खाते काढून, यादीतील गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचे नाव निवडून ते नव्याने जोडावे लागते. त्या निवडीनंतरच प्रवेशपृष्ठ उघडते. पॉप खात्याबाबतचा वरील इशारा येथेही तितकाच लागू आहे.

संदेश काय सांगतो

मेल सर्व्हर नकार देताना कारणही देतो, पण क्लायंट ते अनेकदा ‘पासवर्ड चुकीचा’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतो. तपशीलवार संदेश किंवा नोंदवही पाहता आली तर निदान सोपे होते. मायक्रोसॉफ्टचा मेल पाठवणारा सर्व्हर पुढील उत्तर देत असेल तर पासवर्डचा प्रश्नच उरत नाही :

```
535 5.7.139 Authentication unsuccessful, basic authentication is disabled.
```

पहिल्या तीन आकड्यांचा अर्थ प्रवेश नाकारला एवढाच आहे. पुढचे `5.7.139` आणि त्यानंतरचे वाक्य हे खरे निदान आहे. याच क्रमांकाबरोबर `SmtpClientAuthentication is disabled for the Tenant` असे वाक्य आले, तर दोष वेगळा असतो. तेव्हा संस्थेच्या प्रशासकाने मेल क्लायंटमार्फत पाठवण्याची सोयच बंद ठेवलेली असते आणि वापरकर्त्याने आपल्या संगणकावर काहीही केले तरी फरक पडत नाही.

जीमेलचा सर्व्हर `535-5.7.8 Username and Password not accepted` असे उत्तर देतो. हे उत्तर पासवर्ड खरोखर चुकला तरी येते आणि पासवर्ड बरोबर असूनही ती पद्धत बंद असली तरी येते. म्हणून जीमेलच्या बाबतीत ब्राउझरमधून खातरजमा करण्याला पर्याय नाही.

गुगलचा मधला मार्ग

टोकनाची पद्धत न समजणाऱ्या क्लायंटसाठी गुगलने एक पळवाट शिल्लक ठेवली आहे. तिला ‘अ‍ॅप पासवर्ड’ म्हणतात. खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू असेल तर गुगल १६ अक्षरांचा एक स्वतंत्र पासवर्ड तयार करून देते. तो क्लायंटमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकता येतो आणि हवा तेव्हा एकटाच रद्द करता येतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सर्व अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. महिनोन् महिने चाललेला क्लायंट पासवर्ड बदलल्याच्या दिवशीच बंद पडला, तर कारण येथे शोधावे.

हा मार्ग सोयीचा असला तरी तो टोकन नव्हे. अ‍ॅप पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर त्याला दुहेरी पडताळणी आड येत नाही. म्हणून ज्या क्लायंटमध्ये `OAuth2` उपलब्ध आहे तेथे तेच वापरणे योग्य ठरते. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना तर हा मार्ग उपलब्धच नाही. मायक्रोसॉफ्टचे अ‍ॅप पासवर्डही मूलभूत प्रमाणीकरणानेच पाठवले जात असल्याने १६ सप्टेंबर २०२४ नंतर मेल क्लायंटसाठी त्यांचा उपयोग संपला. जीमेलसाठी लिहिलेल्या सूचना पाहून हॉटमेलसाठी अ‍ॅप पासवर्ड काढणाऱ्यांचा वेळ म्हणूनच वाया जातो.

जी उपकरणे प्रवेशपृष्ठ उघडू शकत नाहीत

सर्वाधिक अडचण माणसे वापरत असलेल्या क्लायंटची नसून यंत्रांची आहे. कागद स्कॅन करून थेट मेल करणारे बहुउपयोगी प्रिंटर, देयके आपोआप पाठवणाऱ्या लेखा प्रणाली, वीजपुरवठा खंडित झाल्याची सूचना देणारी उपकरणे, रात्री चालणाऱ्या लहान आज्ञावली यांच्यात एकदाच नाव आणि पासवर्ड भरून ठेवलेला असतो. त्यांना वेबपृष्ठ उघडता येत नाही आणि परवानगीच्या बटणावर बोट ठेवणारे कोणी तेथे नसते. शिवाय ही यंत्रे तक्रार करत नाहीत. देयक गेलेच नाही, हे ग्राहकाने विचारणा केल्यावर कळते.

अशा उपकरणासाठी पहिली पायरी म्हणजे उत्पादकाकडून नवी आवृत्ती उपलब्ध आहे का, हे पाहणे. काही उत्पादकांनी नव्या प्रिंटरमध्ये टोकनाची सोय केली आहे. त्यात प्रिंटर एक छोटा संकेतांक दाखवतो, वापरकर्ता तो आपल्या फोनवरील किंवा संगणकावरील ब्राउझरमध्ये टाकून परवानगी देतो आणि टोकन प्रिंटरकडे जाते.

तशी सोय नसेल तर संस्थेच्या स्तरावर मार्ग काढावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक सेवेत प्रशासक कार्यालयाचा ठरावीक आयपी पत्ता नोंदवून तेथून येणारे मेल पासवर्डविना स्वीकारण्याची व्यवस्था करू शकतो. त्यासाठी इंटरनेट सेवेकडून स्थिर आयपी पत्ता घ्यावा लागतो. मेल केवळ संस्थेतीलच पत्त्यांवर जाणार असतील तर ते संस्थेच्या मेल सर्व्हरकडे थेट सोपवण्याचा पर्यायही आहे. मात्र त्यासाठी लागणारे `25` हे पोर्ट अनेक इंटरनेट सेवा बंद ठेवतात.

संगणकावर चालणाऱ्या जुन्या प्रणालींसाठी मध्यस्थ आज्ञावली वापरता येते. `email-oauth2-proxy` हे त्याचे एक मुक्तस्रोत उदाहरण आहे. जुनी प्रणाली त्याच संगणकावरील मध्यस्थाला नेहमीप्रमाणे पासवर्ड देते आणि मध्यस्थ पुढे सर्व्हरशी टोकनाने व्यवहार करतो. असा मध्यस्थ बाहेरच्या जाळ्याला खुला राहणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. तो खुला राहिला तर बंद केलेले जुने दार आपल्याच घरात पुन्हा उघडल्यासारखे होते.

गुगलच्या सेवेसाठी स्वतःची आज्ञावली लिहिणाऱ्यांना एक खास अडथळा भेटतो. गुगलकडे नोंदवलेले अ‍ॅप ‘चाचणी’ या अवस्थेत असेल तर त्याला मिळालेले रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपते. दर आठवड्याला नेमकी त्याच वारी बंद पडणारी आज्ञावली हे त्याचे ठळक लक्षण आहे. नोंदणीतील अवस्था बदलल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही.

कार्यालयीन खात्यांतील परवानगी

संस्थात्मक खात्यात सर्व रचना बरोबर असूनही वाट अडू शकते. पासवर्ड आणि पडताळणी झाल्यावर `Need admin approval` असे पृष्ठ येते. याचा अर्थ कोणत्या बाहेरच्या क्लायंटला मेलबॉक्स उघडू द्यायची, हे संस्थेने स्वतःकडे राखून ठेवले आहे. येथे वापरकर्त्याने प्रशासकाला क्लायंटचे नाव आणि त्याने मागितलेल्या परवानग्यांची यादी कळवणे एवढेच उरते. प्रशासकाने एकदा संमती दिली की ती संस्थेतील सर्वांसाठी लागू करता येते.

मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या आउटलुक आवृत्त्यांनाही हा बदल भोवला. आउटलुक २०१० ला टोकनाची पद्धत मुळीच समजत नाही. आउटलुक २०१३ मध्ये ती आहे, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल केल्यावरच सुरू होते. अशा ठिकाणी प्रवेशपद्धत बदलण्यापेक्षा क्लायंट बदलणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो.

टोकनाच्या मर्यादा

टोकनामुळे पासवर्ड क्लायंटच्या हाती राहत नाही, परवानगी मेलपुरती मर्यादित होते आणि एका उपकरणाचा प्रवेश इतरांना धक्का न लावता तोडता येतो. तरीही टोकन हीसुद्धा एक किल्लीच आहे. थंडरबर्डमध्ये `Primary Password` ठेवला नसेल तर उघड्या संगणकासमोर बसलेली व्यक्ती रिफ्रेश टोकन पाहू शकते. लॅपटॉप हरवला तर पासवर्ड बदलण्याबरोबरच खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या उपकरणाचा आणि क्लायंटचा प्रवेश रद्द करावा.

हल्लेखोरांनीही आपला मोर्चा पासवर्डकडून परवानगीकडे वळवला आहे. ओळखीच्या सेवेसारखे नाव घेतलेले अ‍ॅप मेलमधील दुव्यावरून खऱ्या गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पृष्ठावर नेते आणि मेल वाचण्याची परवानगी मागते. पृष्ठ खरे, पत्ता खरा, दुहेरी पडताळणीही खरी, केवळ परवानगी मागणारा खोटा असतो. उपकरणावरील संकेतांक ब्राउझरमध्ये टाकण्याच्या सोयीचाही असाच गैरवापर होतो. हल्लेखोर स्वतःच्या उपकरणाचा संकेतांक पाठवून तो टाकण्यास सांगतो. यात बळी पडलेल्याने नंतर केवळ पासवर्ड बदलणे पुरेसे नसते. अ‍ॅपला दिलेली परवानगी स्वतंत्रपणे काढून घ्यावी लागते.

यावरून ओळखण्याची खूण एकच उरते : प्रवेशपृष्ठ कोणी उघडले? वापरकर्त्याने स्वतः क्लायंट सुरू केला आणि मेल आणताना पृष्ठ उघडले, तर ती विचारणा अपेक्षित आहे. मेलमधील, संदेशातील किंवा दूरध्वनीवरून सांगितलेल्या दुव्यामुळे ते उघडले असेल, तर खिडकी बंद करावी आणि परवानग्यांची यादी तपासावी. जीमेलसाठी ती `myaccount.google.com` वर, तर मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यासाठी `account.microsoft.com` वर प्रवेश केल्यानंतर पाहता येते. त्या यादीत वापरात नसलेले क्लायंट आढळले तर त्यांचाही प्रवेश त्याच वेळी रद्द करावा.